माया कापू नका

"ताई, मी 45 वर्षांची, नाशिकरोडच्या एका शाळेत शिक्षिका आहे. मार्चमध्ये साखर निघाली तेव्हा वजन 84 किलो होतं. चालणं, जेवणातले बदल आणि औषध यांनी आता ते 72 वर आलंय. डॉक्टर 65 पर्यंत न्या म्हणतात. छाती 42 ची साडेअडतीस झाली, कंबर 39 ची 35. कपाटात 23 ब्लाउज आणि डझनभर कुर्ते आहेत, सगळे ढगळ. शिंपीदादा म्हणतात, सगळे एकदम द्या, आत घेऊन, जास्तीचं कापून ओव्हरलॉक मारून देतो. सासूबाई म्हणतात, काही करू नको, अंग पुन्हा भरतं. नणंद म्हणते, सगळं देऊन टाक आणि नवं शिव. फेब्रुवारीत भाच्याचं लग्न आहे आणि मला माझी लग्नातली पैठणी नेसायची आहे. तिचा ब्लाउज दहा वर्षांपूर्वी शेवटच्या मायेपर्यंत उसवून वाढवलेला आहे. कशाला हात लावू आणि कशाला नको?"
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

ताई,

शिंपीदादांना आजच फोन करा आणि एवढंच सांगा, की आत घ्या पण कापू नका. बाकी सगळं सावकाश ठरवता येईल, हे एक आज सांगायला हवं. शिवणीच्या आत जी जादा पट्टी सोडलेली असते, तिला आपण माया म्हणतो. अंगाचं माप हलतं असताना कपड्याचा सगळा जीव त्या पट्टीत असतो. आत घेतलेला ब्लाउज उद्या दोरा ओढून पुन्हा सोडता येतो. माया कापून ओव्हरलॉक मारली की तो ब्लाउज आजच्या मापाला कायमचा बांधला गेला, आणि तुमचं आजचं माप तर पुढच्या दोन महिन्यांतही टिकणारं नाही. मी पंचवटीत बरीच वर्षं शिवणाचे वर्ग घेतले. सुरुवातीच्या दिवसांत एका बाईंचा टसरचा ब्लाउज आतून नीटनेटका दिसावा म्हणून मी माया छाटून दिली होती. वर्षभरात त्यांना तो वाढवून हवा झाला. बाजूला पट्टी जोडावी तर तसं कापड कुठे मिळेना. तेव्हापासून कुणाचीही माया माझ्या हातून कापली गेली नाही.

आता आधी एक हिशेब समजून घ्या, कारण आल्टर बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण हाच हिशेब आहे. आपण दुकानात जाऊन म्हणतो, "दोन्ही बाजूंनी एक एक इंच आत घ्या." बोलणाऱ्याच्या मनात दोन इंच कमी व्हावेत असं असतं. पण बाजूच्या शिवणीत पुढचं आणि पाठीचं असं दोन पदर कापड असतं. शिवण एक इंच आत सरकली की पुढचा एक आणि पाठीचा एक, असे त्या बाजूला दोन इंच जातात. दोन्ही बाजूंचे मिळून चार. म्हणून ब्लाउज घरी आणून घालावा तर हुक लागत नाहीत, आणि मग शिंपी म्हणतो तुम्हीच सांगितलं होतं. तेव्हा शिंप्याला "किती आत घ्या" हे सांगूच नका. "तयार छाती इतकी हवी" असं सांगा, म्हणजे चौथा हिस्सा तो काढेल.

तुमच्याच मापावर करून बघू. तुमचा रोजचा एखादा साधा सुती ब्लाउज घ्या, चार टक्सचा, पुढे हुक असलेला. हुक लावून तो पलंगावर सपाट पसरा आणि एका मुंढ्याखालून दुसऱ्या मुंढ्याखालपर्यंत टेप लावा. जो आकडा येईल त्याची दुप्पट म्हणजे ब्लाउजची तयार छाती. 42 च्या अंगाला शिवलेला असेल तर ती साधारण साडेबेचाळीस भरेल. तुमची आजची छाती साडेअडतीस. हात फिरता राहावा, फळ्यावर लिहिता यावं, म्हणून तिच्यावर एक इंच सैल सोडू. म्हणजे तयार छाती साडेएकोणचाळीस हवी, आणि तीन इंच कमी करायचे आहेत. तीनचा चौथा हिस्सा पाऊण. तेव्हा दोन्ही बाजूंच्या शिवणी पाऊण इंच आत सरकतील, बस. ब्लाउजच्या खालच्या कडेलाही असंच मोजून चौथा हिस्सा काढा. बाहीचा हिशेब मात्र वेगळा, कारण बाहीला शिवण एकच असते. तिथे अर्धा इंच आत घेतला की दंडाचा घेर एकच इंच कमी होतो. आधी दंड मोजा. बऱ्याच जणींचे दंड छातीइतके उतरत नाहीत, आणि छातीच्या बरोबरीने बाही आवळली की कापड दंडात रुततं.

शिवण मारताना बाहीच्या टोकापासून काखेतून थेट कमरेपर्यंत एकच सलग रेघ आली पाहिजे. काखेत थांबून पुन्हा सुरुवात केली की तिथे चुणी येते. मशीनचा टाका मोठा ठेवा, घरगुती मशीनवर चारच्या आसपास. बॉबिनमध्ये जरा वेगळ्या रंगाचा दोरा भरा. तो बाहेरून दिसत नाही, पण पुढच्या वेळी उसवताना नवी शिवण कोणती आणि मूळची कोणती, हे नजरेला लगेच कळतं. मूळची शिवण उसवू नका, ती आत तशीच राहू द्या. उद्या परत सोडायची वेळ आली तर नवा दोरा ओढला की ब्लाउज जुन्या मापाला आपोआप येईल. आतली दुमड जाड वाटली तर ती पाठीकडे वळवून इस्त्री करा. अंगाला टोचत असेल तर हातानं दोन-चार टाके घालून दाबून घ्या, पण कात्री नको.

झालं की घालून बघा, आणि आरशासमोर नुसतं उभं राहू नका. उजवा हात फळ्यावर सगळ्यात वरची ओळ लिहिताना जातो तितका वर न्या. ब्लाउजची खालची कड थोडी उचलली जाणारच. ती दीड-दोन इंचांहून जास्त वर गेली, किंवा काखेतून छातीकडे तिरक्या रेघा पडल्या, तर काखेत जास्त घेतलं गेलंय. तिथं पाव इंच सोडा, खाली कमरेकडे तसंच राहू द्या. तुमच्या कामात हीच खरी परीक्षा आहे, कारण दिवसभर तुम्ही हात वर करूनच उभ्या असता.

हे असं कुठपर्यंत चालेल, तेही सांगते. बाजूला एका शिवणीत जास्तीत जास्त एक इंच, म्हणजे एकूण चार इंच. त्याच्या पुढे गेलं की दोन गोष्टी होतात. टक्स जिथे होते तिथेच राहतात, पण छाती उतरल्यावर त्यांची टोकं बाहेरच्या बाजूला पडतात आणि पुढे रिकामा फुगा दिसतो. दुसरं, खांदा आणि गळा मूळच्याच मापाचा राहतो. बाजूनं ब्लाउज घट्ट आणि वरून खांदा ओघळतोय, असा तो विचित्र कपडा होतो, आणि दिवसभर एक हात खांद्याकडेच जातो. तुमचा साडेबेचाळीसचा ब्लाउज चार इंच घेऊन साडेअडतीसपर्यंत येईल, म्हणजे तो साडेसदतीसच्या छातीपर्यंत साथ देईल. तुमचे सात किलो अजून जायचे आहेत. छाती साडेछत्तीसवर थांबली, तर हे ब्लाउज तिथे पोचत नाहीत. ते या वर्षापुरतेच आहेत. म्हणून तेवीसच्या तेवीस आल्टरला टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

तेव्हा निवड कशी करायची? पलंगावर सगळे ब्लाउज काढा आणि एकेक घालून फक्त खांदा बघा. छाती-कंबर बघूच नका, ती तर सैल असणारच. बाहीची जोड खांद्याच्या हाडावर बसते का, ते बोटानं चाचपा. जोड हाडावर किंवा अर्धा इंच खाली असेल तर तो ब्लाउज आल्टर करण्याजोगा. त्याहून जास्त खाली, दंडावर उतरली असेल, तर बाजूला ठेवा. खांदा कमी करायचा म्हणजे बाही उसवायची, मुंढा पुन्हा कापायचा, गळा सांभाळायचा, बाही परत बसवायची. अस्तर असेल तर हे सगळं दोनदा. त्याची मजुरी नव्या शिलाईच्या जवळ जाते आणि तरीही मुंढा नीट बसेलच असं नाही. माझा नियम सोपा आहे, नव्या शिलाईच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त मजुरी पडत असेल तर रोजच्या कपड्याला आल्टर करायचं नाही.

गळा थोडाच पडत असेल आणि बाकी सगळं बरं असेल, तर पाठीला, गळ्याच्या वरच्या कडेपासून दोनेक इंच खाली, दोन्ही बाजूंना एकेक नाडी लावा. बांधली की खांदे आत ओढले जातात. ही पाच मिनिटांची शिलाई आहे आणि ओघळणारे निम्मे ब्लाउज तिनं वाचतात. हुकांचंही थोडंसं करता येतं. हुक ज्यात अडकतात त्या घरांची दुसरी रांग अर्धा इंच आत लावली की छाती अर्धा इंच कमी होते आणि पुढचा गळाही जरा आवळतो. अर्ध्याहून जास्त मात्र नको, हुकपट्टी वाकडी दिसते.

शिलाईचा प्रकारही बघा. प्रिन्सेस कट असतील ते आधी वेगळे काढा, त्यांना सगळ्यात जास्त आयुष्य आहे. त्यांत बाजूच्या दोन शिवणींखेरीज पुढे छातीवरून जाणाऱ्या दोन शिवणी असतात. थोडं इथे, थोडं तिथे असं घेतलं की आकार जागच्या जागी राहतो आणि ते तुमच्यासोबत शेवटपर्यंत उतरू शकतात. कटोरी ब्लाउज मात्र आता आल्टर करू नका. कटोरीचा गोल तुमच्या जुन्या मापाला कापलेला आहे, बाजू आत घेऊन तो लहान होत नाही, नुसता चुरगळतो. तुमच्या तेविसातून खांदा बसणारे, रोज लागणारे, कापड अजून जिवंत असलेले असे आठ ब्लाउज निघाले तरी खूप झालं. आठवड्याला सहा दिवस शाळा आणि दोन जादा. बाकीच्यांचं पुढे बोलू.

या सगळ्याच्याही आधी एक खरेदी करा, आणि ती करूनच शिंप्याकडे जा. नवी ब्रा. बारा किलो उतरल्यावर जुन्या ब्रावर माप दिलं तर ते माप खोटंच येतं. पट्टा पाठीवर चढलेला असतो, छाती खाली बसलेली असते, आणि त्या आकारावर शिवलेला ब्लाउज नव्या ब्रावर बसत नाही. दोनच घ्या, जास्त नकोत, दोन-तीन महिन्यांत पुन्हा बदलावी लागेल. घेताना पट्टा सगळ्यात बाहेरच्या, सैल हुकावर नीट बसला पाहिजे. वजन उतरेल तसं आणि इलास्टिक सैल होईल तसं आतल्या हुकांवर येता येतं. आधीच आतल्या हुकावर बसणारी घेतली, तर पुढे जायला जागाच उरत नाही.

आणि दुसरी खरेदी, दोन ताणले जाणारे तयार ब्लाउज. होजिअरीसारख्या विणीच्या कापडाचे मिळतात. एक काळा आणि एक तुमच्या बहुतेक साड्यांना चालेल असा, मरून किंवा मोतिया. मेन रोडला, शालिमारच्या आसपास फिरलात तर सहज मिळतील. घालून बघूनच घ्या, आणि आज जरा घट्टच वाटतो असा घ्या. ते कापड अंगाबरोबर आवळतं, त्यामुळे 65 किलोपर्यंतचा सगळा प्रवास या दोघांवर निघेल. शिवलेल्या ब्लाउजची शोभा त्यांना नाही, मला स्वतःला ते फार आवडतही नाहीत, पण मधल्या काळात नव्या शिलाईवर खर्च करण्यापेक्षा हे शहाणपणाचं आहे. साड्यांची तर काळजीच नाही. कंबर आणि नितंब उतरले की एखादी निरी जास्त येते, एवढाच काय तो फरक. परकराची नाडी ओढून ओढून कमरेला चुण्यांचा गठ्ठा होत असेल, तर निऱ्या खोचल्यावर पोट उगाच फुगलेलं दिसतं. परकर दोन नवे घ्या, ती स्वस्तातली गोष्ट आहे.

कुर्त्यांना मी फारसा हात लावणार नाही. कुर्ता ढगळ असला तरी चालतो, ढगळ खांदा चालत नाही. तीच खांद्याची परीक्षा इथेही. खांदा बसतो पण अंगात मोठा आहे, तर पाठीच्या बाजूनं दोन उभे टक्स घाला, कमरेच्या वर आणि खाली निमुळते, प्रत्येकात अर्धा इंच दुमड. त्यानं कमरेला दोन इंच कमी होतात आणि बाजूच्या कटला धक्का लागत नाही. बाजूनं आत घ्यायला गेलात तर कटची सुरुवात सरकते, जिथे कट नितंबावर उघडायचा तिथे तो वर-खाली होतो आणि बसताना ताणतो. एक बदल तुमच्या लक्षात आला असेल. पोट उतरलं की कुर्ता पुढून लांब वाटायला लागतो. तो लांब झालेला नाही, पोटावरून जाणारं कापड आता सरळ खाली येतंय. पुढची कड दुमडून घ्यायची घाई करू नका, अजून थोडी खाली येईल. सलवार-पलाझोंचं इलास्टिक काढून लहान घाला, नेफ्याची शिवण एका जागी दोन इंच उसवली की काम होतं. नेफ्यात इलास्टिकचं जादा टोक आतच राहू द्या.

आता सासूबाई आणि नणंद. दोघींचं थोडं थोडं खरं आहे. उतरलेलं वजन थोडंफार परत येणं फार जणींच्या बाबतीत होतं, औषध बदललं की होतं, हिवाळ्यात चालणं सुटलं की होतं. त्यामुळे जुन्या मापाचं काहीच न ठेवणं धोक्याचं. पण तेवीस ब्लाउज त्या भीतीपोटी कपाटात ठेवले, तर रोज सकाळी साडी काढताना तुमचा हात त्यांच्यावरच जाणार. तीन ठेवा. ज्यांची माया शाबूत आहे, कापड चांगलं आहे, आणि जे तुम्हाला खरोखर आवडतात असे तीन. कुर्तेही दोन-तीन. ते धुऊन, पूर्ण वाळवून, सुती पिशवीत घालून वरच्या माळ्यावर टाका, रोजच्या कपाटात नाही. आठ आल्टरचे, तीन राखणीचे आणि एक पैठणीचा, म्हणजे बारा झाले. उरलेले अकरा मात्र सोडा, नणंदेचं तिथे ऐका. शाळेत किंवा ओळखीत कुणाला 42 चं माप लागत असेल तर धुऊन, हुक तपासून द्या, माया शाबूत असल्यानं त्यांनाही ते कमी-जास्त करता येतील. सुती आणि मऊ झालेले गोधडीत लावता येतात. राहिलेले बोहारणीला. पण एक करा, चांगल्या ब्लाउजांची लेस, गोंडे, पायपिंग, हुक काढून डब्यात ठेवा. नवं शिवाल तेव्हा लागतील.

नवं कधी शिवायचं, हा प्रश्न वजनकाट्याला विचारू नका, टेपला विचारा. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी, नाश्त्याआधी, त्याच नव्या ब्रावर पाच मापं घ्या: छाती, छातीखालचा घेर, कंबर, नितंब, दंड. टेप जमिनीला समांतर, ना आवळलेला ना सैल. एका वहीत मांडत जा. तीन महिने ओळीनं छाती आणि कंबर अर्ध्या इंचाच्या आत राहिली की माप थांबलं असं धरा. वजन एखाद-दोन किलो इकडेतिकडे झालं तरी चालेल. तोवर शिवायचाच झाला तर एखाद-दुसरा, त्याहून जास्त नाही. थांबल्यावर शिवाल तेव्हा शिंप्याला दोन्ही बाजूंना सव्वा इंच माया ठेवायला सांगा, आणि बाहीच्या शिवणीतही. कापड कमी पडतं म्हणाला तर बाही थोडी आखूड करा, माया नको कमी करायला. अस्तर आधी भिजवून, वाळवून द्या. अस्तर आटलं आणि वरचं कापड आटलं नाही, की ती माया कितीही असली तरी उपयोगाची नसते. आणि एक, मनात असू द्या. कधी तुम्ही काही न करता, जेवण-चालणं तेच असताना कपडे झपाट्यानं सैल व्हायला लागले, तर त्या वेळी शिंप्याकडे न जाता डॉक्टरांना वही दाखवा.

राहिली पैठणी. तिच्या ब्लाउजबद्दल मी सगळ्यात जास्त विचार केला, कारण तिथे चुकलं तर भरून काढता येत नाही. लग्नातला ब्लाउज म्हणजे तुमच्या त्या वेळच्या मापाला शिवलेला, समजा तयार छाती साडेसदतीस. दहा वर्षांपूर्वी तो उसवून वाढवला, तेव्हा शिवण बाहेर सरकली आणि जुन्या शिवणीची सुयांची भोकं बाहेरच्या बाजूला आली. सुती कापडात भोकं एक-दोन धुण्यांत मिटतात, रेशमात मिटत नाहीत. काखेखाली उजेडात धरून बघा, दोन्ही बाजूंना वरून खाली टिंबांची एक बारीक रेघ दिसेल. ती रेघ म्हणजे तुमचं लग्नातलं माप.

ही रेघ तुमच्या कामी येणार आहे. तुमची छाती साडेछत्तीसवर आली, की शिवण नेमकी त्या जुन्या रेघेवर परत घालता येईल. भोकं शिवणीत लपतील आणि ब्लाउज पहिल्यासारखा होईल. पण फेब्रुवारीत तुम्ही बहुधा साडेसदतीस-अडतीसच्या आसपास असाल, म्हणजे तयार छाती साडेअडतीस-एकोणचाळीस लागेल. शिवण जुन्या रेघेच्या आणि आत्ताच्या शिवणीच्या मध्ये कुठेतरी पडणार. तिथे मशीन चालवायची नाही. रेशमावर जुनी एक रांग, वाढवलेली दुसरी, आणि आता मशीनची तिसरी अशा भोकांच्या तीन रांगा जवळजवळ आल्या की कापड टपालाच्या तिकिटासारखं त्या रेघेवर फाटतं. लग्नाच्या मांडवात, आरतीला हात वर केला की फाटतं.

म्हणून हातानं शिवा. आधी ब्लाउज उलटा करून काखा नीट तपासा. घामानं रेशीम कुजतं आणि जरही काळवंडते, आणि ते आधी काखेत होतं. खिडकीशी धरल्यावर तिथले धागे विरळ दिसले, नखानं हलकं सरकवल्यावर सरकले, तर आतून जुन्या मऊ सुती साडीची एक इंच रुंद पट्टी दोन्ही बाजूंना लावा. म्हणजे ताण त्या पट्टीवर पडेल, रेशमावर पडणार नाही. मग लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी, त्या दिवशी घालायची ब्रा घालून, ब्लाउज उलटाच अंगावर चढवा आणि नणंदेला टाचण्या लावायला सांगा. टाचण्या बारीक, आणि मायेतच लावा, बाहेरच्या रेशमात नको. खुर्चीत बसून, हात वर करून, वाकून बघा. ठीक वाटलं की काढून बारीक सुईनं, रेशमी दोऱ्यानं उलट टाका घाला. टाके लहान आणि सारखे, दोरा फार न ओढता. काखेत, जिथे ताण जास्त, तिथे दोनदा. एका बाजूला अर्धा-पाऊण तास लागेल, दुपारी निवांत बसलात तर होऊन जाईल.

काखेखालची ती टिंबांची रेघ फेब्रुवारीत बाहेर राहीलच. एका बाजूला पदर येतो, दुसऱ्या बाजूला दंड, कुणाला दिसत नाही. फार खटकली तर तिच्यावर मोत्यांची किंवा दोऱ्याची नक्षी काढण्याच्या मोहात पडू नका, उद्या तिथेच शिवण यायची आहे. आणि काखेत सुती घामपट्ट्या लावा, दोन टाक्यांनी, घरी आल्यावर काढता येतील अशा.

ब्लाउजचं रेशीम तपासताना फारच जीर्ण निघालं, तर तो या लग्नात घालू नका. जपून ठेवा आणि पैठणीवर दुसरा शिवा. काठाच्या रंगाचं साधं रेशीम किंवा ब्रोकेड घ्या, साडीचं कापड मोडू नका. पैठणी येवल्याची असेल आणि तिकडे कुणी जाणार असेल, तर साडी सोबत देऊन रंग जुळवून आणायला सांगा, फोनवरच्या फोटोत काठाचा रंग कधीच खरा येत नाही. हा नवा ब्लाउज प्रिन्सेस कटचा शिवा, माया सव्वा इंच, म्हणजे तोही तुमच्यासोबत उतरेल.

लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवशी घामपट्ट्या काढा. ब्लाउज उलटा करून दिवसभर सावलीत, वाऱ्यावर पसरून ठेवा, लगेच घडी घालू नका. हाताचे टाके तसेच राहू द्या. पुढे वहीत तीन महिने सारखी मापं आली, छाती साडेछत्तीसवर थांबली, की त्या दिवशी ते टाके कापून काढा आणि टिंबांच्या रेघेवर एकदाच, बारीक सुईनं, मशीनची शिवण घाला. जुन्या भोकांतूनच सुई जाईल असं हळू, चाक हातानं फिरवत.